नुसता ऑफर लेटरचा फोटो येतो, खाली एक शब्द नाही, तेव्हा काय करायचं

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप मी सांभाळतो. पोरं ऑफर लेटरचा फोटो टाकतात आणि गप्प बसतात. अटी समजावून हव्यात, फ्रॉड आहे का ते बघून हवंय, का उत्तर लिहून हवंय, काहीच कळत नाही. विचारलं तर म्हणतात, "बघा ना सर." तुम्ही एचआरमध्ये एवढी वर्षं काढलीत, तुम्ही कसं ओळखता?

उत्तर: खरं सांगायचं तर तिन्हींपैकी एक गोष्ट ओळखत बसायचीच नाही, फ्रॉडची तपासणी न विचारता करून टाकायची. कारण लेटर खोटं असेल तर पगाराचा तक्ता समजावण्यात अर्थ नाही आणि उत्तर लिहून देणं तर धोक्याचंच, तुम्ही नीट ड्राफ्ट केलेलं अ‍ॅक्सेप्टन्स त्या पोराला आणखी आत ढकलतं. त्यामुळे ओळखायचं ते एवढंच, की लेटर ठीक दिसलं तर पुढे त्याला समजून घ्यायचंय का उत्तर द्यायचंय. आणि हे बहुतेक वेळा फोटोतच दिसतं, फक्त लेटर वाचण्याआधी फोटो वाचायचा.

म्हणजे कसं, तर पाच पानांच्या लेटरमधलं त्याने कुठलं पान निवडलं ते बघा. पहिलं पान, जिथे लोगो आणि "वुई आर प्लीज्ड" वगैरे असतं, ते पाठवणाऱ्याला बऱ्याचदा खरं-खोटं जाणून घ्यायचं असतं, किंवा नुसती आनंदाची बातमी द्यायची असते. पगाराच्या अ‍ॅनेक्श्चरचा फोटो आला तर हातात किती पडणार हा प्रश्न आहे, दुसरा कुठलाही नाही. सहीचं पान, खाली "अ‍ॅक्सेप्टेड" आणि तारखेची रिकामी रेघ, असं आलं तर उत्तर काय द्यायचं ते हवंय आणि बहुतेक मुदत उद्याची आहे. कधी कधी फोटो एका कलमावर झूम केलेला असतो, खालीवर अर्धी वाक्यं कापलेली, कोपऱ्यात अंगठ्याचं टोक. ते कलम म्हणजेच प्रश्न.

फोटो कशाचा आहे तेही बघा. कागदाचा असेल तर माणूस ऑफिसात जाऊन आलाय, किंवा त्याने स्वतः प्रिंट काढलीय. लॅपटॉपच्या स्क्रीनचा असेल तर ते मेलवर आलंय आणि ती मूळ मेल अजून आहे, ही चांगली गोष्ट, कारण ती मागता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या इमेजचाच स्क्रीनशॉट असेल आणि वर "फॉरवर्डेड" दिसत असेल तर मात्र मी लगेच सावध होतो.

यात एक गोष्ट लोकांना पटत नाही पण सांगतोच. लेटर स्वतः हा सगळ्यात कमकुवत पुरावा आहे. लोगो कुणीही चिकटवतो, सहीची इमेज कुणीही लावतो, स्पेलिंगच्या चुका असल्या तर फ्रॉड हे आता चालत नाही, खोटी लेटरं हल्ली खऱ्यापेक्षा गुळगुळीत येतात आणि छोट्या खऱ्या कंपन्यांच्या लेटरमध्ये चुका सापडतात. फ्रॉड कागदात नसतो, कागदाच्या आजूबाजूला असतो. लेटर कुठल्या मेल आयडीवरून आलं, इंटरव्ह्यू कुणी आणि कसा घेतला, कुणी कसले पैसे मागितले का. आणि नेमक्या या तिन्ही गोष्टी फोटोत येत नाहीत. म्हणून फोटोवरून मी "हे खोटं आहे" असं कधी कधी ठामपणे सांगू शकतो, पण "हे खरं आहे" असं कधीच सांगत नाही. "अजून काही खटकलं नाही" इथपर्यंतच जायचं, आणि ग्रुपवर तर अभिनंदनाची पण घाई करू नये, कारण चाळीस जणांनी पेढे मागितल्यावर त्या पोराला मागे फिरणं फार जड जातं.

फोटोवरून जेवढं तपासता येतं त्यात कामाची गोष्ट एकच, ती म्हणजे सीआयएन, कंपनीच्या नोंदणीचा नंबर. कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 प्रमाणे कंपनीच्या लेटरहेडवर नाव, नोंदणीकृत पत्ता आणि हा नंबर असावा लागतो. एकवीस अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर L किंवा U, म्हणजे शेअर बाजारात लिस्टेड आहे का नाही, मग पाच आकडे धंद्याचे, मग राज्याची दोन अक्षरं, मग नोंदणीचं साल, मग कंपनीच्या प्रकाराची तीन अक्षरं, बहुतेक वेळा PTC म्हणजे प्रायव्हेट किंवा PLC म्हणजे पब्लिक, आणि शेवटी सहा आकडे. पुण्यात नोंदलेल्या बऱ्याच कंपन्यांत MH च्या जागी PN दिसतं, ते बघून घाबरू नका. आता हा नंबर आणि लेटर एकमेकांशी जुळतात का बघायचं. वर लिहिलंय "पंचवीस वर्षांची परंपरा" आणि नंबरातलं साल 2023, नावापुढे "प्रायव्हेट" नाही, नुसतं "लिमिटेड" आणि नंबरात PTC, अशी विसंगती दिसली की आधी तिचा खुलासा मागायचा, मगच पुढे वाचायचं. मग mca.gov.in वर कंपनीचा मास्टर डेटा फुकटात बघता येतो, तिथे कंपनी चालू आहे का स्ट्राइक ऑफ झालीय, म्हणजे नोंदणीतून काढून टाकलीय, ते कळतं, पत्ता कळतो. पण लक्षात ठेवा, ही माहिती सगळ्यांना खुली आहे म्हणजे चोरालाही खुली आहे, तो खऱ्या कंपनीचा खरा नंबर उचलून टाकू शकतो. नंबर चुकीचा निघाला तर मोठा पुरावा, बरोबर निघाला तर फारसा नाही. आणि मालकी फर्म किंवा भागीदारीत सीआयएन नसतोच, तिथे नंबर नाही म्हणून बोंब मारू नका.

त्यामुळे पोराला विचारायचं काय, तर "तुला काय हवंय?" हे नको. त्याला ते नीट माहीत नसतं, म्हणूनच तो "बघा ना" म्हणतो. आपण अंदाज बांधायचा, तो त्याच्यापुढे ठेवायचा, आणि सोबत दोनच गोष्टी विचारायच्या ज्यांचं उत्तर तो एका मिनिटात देऊ शकेल. माझा मेसेज साधारण असा असतो, हवा तर कॉपी करा:

"लेटर बघितलं. मेल ज्या आयडीवरून आली त्याचा पूर्ण पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट मला एकट्याला पाठव. नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉप, कुरियर, डिपॉझिट, कुठल्याही नावाने पैसे मागितलेत का? भरले असशील तरी सांग, रागावणार नाही. तुला बहुतेक हातात किती येणार ते हवंय असं वाटतंय, ते मी काढतोय. दुसरं काही असेल तर बोल."

यातलं "भरले असशील तरी सांग" हे वाक्य काढू नका. काही पोरं गप्प असतात त्याचं कारणच ते असतं, पैसे भरून झालेले असतात, मनात शंका आलेली असते, आणि कुणीतरी आपणहून "हे खोटं आहे" म्हणावं याची वाट बघत असतात, विचारायची लाज वाटते. त्याने हो म्हटलं तर मग चर्चा बंद, सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार, सोबत बँकेला कळवणं. जेवढं लवकर तेवढी पुढच्या खात्यात रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त, दोन दिवसांनी पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले असतात. आणि "रिफंडेबल" हा शब्द वाचून कुणी फसू नका. लॅपटॉपच्या कुरियरचे साडेचार हजार पहिल्या पगारात परत, ही फार जुनी ट्रिक आहे, आणि यूपीआयवर कंपनीच्या जागी कुणा माणसाचं नाव आलं की संपलंच.

मेल आयडीचं पण नीट बघायला हवं. समोर दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो, बघायचं ते @ च्या पुढचं. खऱ्या कंपनीच्या नावाला "careers" किंवा "hr" जोडून नवीन डोमेन घेतात, किंवा एखादं अक्षर बदलतात, आर आणि एन चिकटून एम सारखं दिसतं ते फोनवर लक्षात येत नाही. छोट्या कंपन्या जीमेल वापरतात, तेवढ्यावरून खोटं म्हणू नका, पण हजारो माणसांची आयटी कंपनी जीमेलवरून ऑफर पाठवत नाही. उरलेला संशय फिटतो तो एका फोनने, आणि तो फोन लेटरवरच्या नंबरला करायचाच नाही, कंपनीची वेबसाइट आपण स्वतः शोधून तिथला ऑफिसचा मुख्य नंबर काढायचा आणि एचआरला विचारायचं की या नावाने या तारखेचं लेटर तुम्ही दिलंय का.

आता एक केस सांगतो म्हणजे सगळं एकत्र दिसेल. ओळखीतला मुलगा, सांगलीकडचा, दोन वर्षं टेस्टिंगमध्ये काम केलेला, पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचं लेटर. फोटो आला लॅपटॉपच्या स्क्रीनचा, तिरका, स्क्रीनवर ट्यूबलाइटची रेघ. पान तिसरं, खाली "पाचपैकी तीन" लिहिलेलं. वरच्या अर्ध्यात पगाराचा तक्ता, खालच्या अर्ध्यात सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटचं, म्हणजे बाँडचं कलम आणि "शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावे" अशी ओळ. मेसेज आला मंगळवारी रात्री.

म्हणजे एकाच फोटोत तिन्ही गोष्टी आहेत. पण पान तिसरं निवडलंय, पहिलं नाही, म्हणजे कंपनीबद्दल त्याला शंका नाही. तरी मी मेलचा स्क्रीनशॉट मागितला आणि पैशांचं विचारलं. मेल कंपनीच्या डोमेनवरून, इंटरव्ह्यूचे दोन राउंड ऑफिसात झालेले, पैसे कुणी मागितले नाहीत, सीआयएन जुळला. ठीक, पुढे.

तक्ता असा होता. सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, सहा लाख, महिन्याला पन्नास हजार, आणि घरी सगळ्यांना त्याने पन्नास हजारच सांगितलेलं. बेसिक 25,000, एचआरए 10,000, स्पेशल अलाउन्स 6,500. इथपर्यंत 41,500, दर महिन्याला येणारं फक्त एवढंच. मग कंपनीचा पीएफचा वाटा 1,800, ग्रॅच्युइटी 1,200, विमा 500, आणि व्हेरिएबल 5,000. हे झाले पन्नास. पीएफचा कंपनीचा वाटा हा त्याचाच पैसा आहे, पण खात्यात जातो, हातात नाही. ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिकच्या 4.81 टक्के बाजूला दाखवलेली रक्कम, पर्मनंट माणसाला ती साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही, म्हणजे दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याने ती धरायचीच नाही. विम्याचा हप्ता गेला. आता 41,500 मधून त्याचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स 200 कापला जाणार, फेब्रुवारीत तो 300 असतो. इन्कम टॅक्स नव्या पद्धतीत या पगाराला शून्य. राहिले 39,500.

पन्नास आणि साडेएकोणचाळीस. हाच त्याचा खरा प्रश्न होता, फक्त त्याला तो तसा मांडता येत नव्हता, त्याला तक्त्यात काहीतरी गडबड वाटत होती. गडबड काही नाही, सीटीसी असाच असतो. पण दोन ठिकाणी विचारण्यासारखं होतं. एक, पीएफ 1,800 म्हणजे कंपनीने तो 15,000 च्या मर्यादेवर धरलाय, पूर्ण बेसिकवर बारा टक्के धरला असता तर 3,000 झाला असता, कायद्याने असं मर्यादेवर धरता येतं, हातात जास्त पडतं आणि साठतं कमी, एवढं समजून घ्यावं. दुसरं व्हेरिएबल. वर्षाचे साठ हजार, आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात "कंपनी धोरणानुसार". हे कधी मिळतं, वर्षाच्या शेवटी का तिमाहीला, मध्येच सोडलं तर मिळतं का, आणि मागच्या वर्षी लोकांना साधारण किती टक्के मिळालं, हे विचारायला हरकत नाही. चांगला एचआर सांगतो. टाळाटाळ झाली तर साठ हजार नाहीतच असं धरून हिशोब करावा.

मग बाँड. चोवीस महिन्यांच्या आत सोडलं तर दीड लाख. इथे पोरांमध्ये दोन टोकाच्या समजुती आहेत, एक म्हणजे बाँडला कायद्यात काही किंमत नसते, सरळ पळून जा, आणि दुसरी म्हणजे बाँड मोडला की जेल. दोन्ही चूक. हा दिवाणी मामला आहे, पोलिसांचा नाही. आणि मे 2025 मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध धरली, त्यामुळे किंमत नसते असं आता तरी कुणी म्हणू नये. तिथे कोर्टाने सरकारी बँकेच्या भरतीचा खर्च आणि प्रक्रिया लक्षात घेतली होती, प्रत्येक प्रायव्हेट कंपनीच्या बाँडला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही, भरपाई वाजवी असायला लागते, कंपनीने खरंच ट्रेनिंगवर खर्च केला का हा मुद्दा येतोच. पण व्यवहारात कोर्टापर्यंत मामला क्वचित जातो, कंपनी रिलीव्हिंग लेटर अडवते आणि पुढची नोकरी लटकते. म्हणून सहीआधी बोलायचं. विचारण्यासारखी गोष्ट अशी, की रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का, म्हणजे अठरा महिन्यांनी सोडलं तर पूर्ण दीड लाख का उरलेल्या सहा महिन्यांचेच. मूळ मार्कशीट किंवा सर्टिफिकेट जमा करायला सांगत असतील तर मात्र नाही म्हणायचं, बघायला द्या, कॉपी द्या, ओरिजिनल ठेवायला नाही.

आता शुक्रवारची मुदत. मी त्याला आधी उरलेली चार पानं मागितली, कारण एका पानावरून उत्तर लिहून देणं म्हणजे अर्धवट वाचून सही केल्यासारखंच. चौथ्या पानावर सापडलं ते महत्त्वाचं होतं, जॉइनिंग तीस दिवसांत, आणि त्याचा सध्याचा नोटीस पिरियड साठ दिवसांचा. हे तो सांगायचंच विसरला होता, आणि मुदतीत नुसतं "आय अ‍ॅक्सेप्ट" पाठवलं असतं तर पंधरा दिवसांनी भांडण ठरलेलं. पाचव्यावर होतं की ऑफर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवर अवलंबून आहे. म्हणजे लेखी बदललेली जॉइनिंग तारीख हातात येईपर्यंत राजीनामा नाही, आणि व्हेरिफिकेशन राजीनाम्याआधी उरकता आलं तर तेही विचारायचं. बऱ्याच कंपन्या सध्याच्या कंपनीकडची चौकशी शेवटी करतात आणि बाकीची आधी करून देतात.

मेल इंग्रजीतच जाणार होती, पण आम्ही आधी मराठीत मुद्दे ठरवले, असं केलं की मेल लांबत नाही. पहिल्या ओळीत आभार आणि मला ही नोकरी करायची आहे हे स्पष्ट, नाहीतर एचआरला वाटतं पोरगं टंगळमंगळ करतंय. मग तीन प्रश्न, तीनच. जॉइनिंग साठ दिवसांनंतरची मिळेल का, बाँडची रक्कम महिन्यागणिक कमी होते का, व्हेरिएबल कधी आणि कशावर ठरतं. शेवटी एक वाक्य, की या उत्तरांनंतर मी लगेच सही करून पाठवतो, आणि उत्तर शुक्रवारपर्यंत शक्य नसेल तर मुदत सोमवारपर्यंत वाढवावी. पगार वाढवून मागायचा का हे त्याने विचारलं. मी म्हटलं मागायचा असेल तर याच मेलमध्ये आकडा घालून एकदाच माग, नंतर थेंबाथेंबाने नको. त्याने नाही मागितला, ते त्याचं त्याने ठरवलं.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. तारीख पंचेचाळीस दिवसांपर्यंत मिळाली, उरलेल्या पंधरा दिवसांसाठी सध्याच्या कंपनीशी बोलायचं त्याच्यावर आलं. बाँड काढणार नाही म्हणाले, पण पहिल्या वर्षानंतर रक्कम अर्धी होते असं त्यांच्या धोरणात होतंच, लेटरमध्ये लिहिलं नव्हतं इतकंच. ते मी मेलवर नको, सुधारित लेटरमध्ये घालून मागायला सांगितलं, कारण दोन वर्षांनी तो एचआर तिथे असेलच असं नाही. व्हेरिएबलबद्दल गोलमोल उत्तर आलं, म्हणून ते शून्य धरलं.

तुमच्या ग्रुपसाठी एवढंच, की असा फोटो आला की खाली चर्चा सुरू व्हायच्या आधी तो काढून टाकायला सांगा आणि पर्सनलवर घ्या. लेटरवर घरचा पत्ता असतो, पगार असतो, कधी पॅनचा नंबर असतो, आणि दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये त्याच कंपनीत काम करणारा एखादा असतोच. सध्याच्या बॉसला राजीनाम्याआधी बातमी पोचल्याच्या केसेस मी बघितल्यात.